कादंबरीच्या अनुवादासाठी प्रकाशकाला पत्र: कोणती गोष्ट कोणाकडे मागायची

प्रश्न : मी इंदूरला राहते. १९९८ साली पुण्याच्या एका प्रकाशनाने काढलेली एक मराठी कादंबरी मला हिंदीत आणायची आहे. लेखक आता हयात नाहीत. तीन प्रकरणं हौसेने करून ठेवली आहेत. प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी, पुस्तकावर माझं नाव आणि रॉयल्टी या तिन्ही गोष्टी मागायच्या आहेत, पण काय आणि किती मागावं ते कळत नाही. पत्राचा नमुना मिळेल का?

उत्तर : नमुना खाली दिला आहे. पण आधी एक घोळ निस्तरू. ज्या प्रकाशकाला तुम्ही पत्र लिहिताय तो यातली एकच गोष्ट देऊ शकेल, ती म्हणजे परवानगी. तीही त्याच्याकडे असेल तर. तुमची रॉयल्टी तो देणार नाही, कारण हिंदी पुस्तक तो काढणार नाही. ती दिल्लीचा किंवा भोपाळचा जो हिंदी प्रकाशक पुस्तक छापेल तो देणार. नाव कुठे आणि कसं छापायचं तेही त्याच्याच हातात. मग या पत्रात श्रेय आणि रॉयल्टीचा विषय काढायचा कशाला? कारण हिंदी प्रकाशकाबरोबर करार होईल तेव्हा मूळ हक्कदाराचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा जड असतो. त्याने 'आमच्या अटींपैकी ही एक' म्हणून तुमचं नाव आणि तुमचा वाटा लिहून दिला, तर दिल्लीला तुम्हाला एकटीने भांडावं लागत नाही.

आता हक्क कोणाकडे आहेत ते बघा. पुस्तक उघडून हक्कपान वाचा. मराठीत गंमत अशी की © या खुणेपुढे लेखकाचं नाव असेलच असं नाही. बऱ्याचदा तिथे पत्नीचं नाव असतं, कधी मुलीचं, कधी प्रकाशकाचं. कुटुंबातल्या कोणाचं नाव असेल, तर पुस्तक छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे आणि अनुवादाचा हक्क घरच्यांकडे असण्याची शक्यता जास्त. पण छापलेली ओळ म्हणजे करार नव्हे. लेखक-प्रकाशक करारात 'इतर भाषांतील हक्क' प्रकाशकाकडे दिलेले असू शकतात, आणि मग हिंदीतून येणाऱ्या रकमेत प्रकाशकाचाही वाटा असतो. त्या काळातल्या अनेक पुस्तकांचा लेखी करारच सापडत नाही, सगळं शब्दावर चाललेलं. अशा वेळी अनुवादाचा हक्क लेखकाचा, म्हणजे आता वारसांचा, असं धरून चालावं. कायद्याने तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा कादंबरी जुनी आहे म्हणून मोकळी झाली असं समजू नका.

वारस एकापेक्षा जास्त असतील, तर सगळ्यांची संमती लागते. थोरल्या मुलाने फोनवर 'करा हो, बाबांना आवडलं असतं' म्हटलं आणि पुस्तक छापायला गेल्यावर धाकट्या बहिणीची नोटीस आली, हे मी पाहिलं आहे. फोनवरच्या होकाराला कायद्यात किंमत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे परवाना लेखीच लागतो. म्हणून पत्रात पहिला प्रश्न हाच विचारायचा की हिंदी हक्क आज कोणाकडे आहेत आणि याआधी कोणाला दिलेले आहेत का. हा दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका. १९९८ च्या कादंबरीचे हिंदी हक्क २००४ साली कोणाला तरी दिलेले असतात, पुस्तक कधी निघतच नाही आणि सगळे विसरून जातात. अशा वेळी जुना करार मागून बघा. कलम १९(४) म्हणतं की घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप संपतो, मात्र करारात वेगळी मुदत लिहिलेली नसेल तर. कलम ३०-क मुळे हा नियम परवान्यालाही लागतो. त्यामुळे 'हक्क दिलेले आहेत' या उत्तरावर लगेच हात टेकू नयेत.

हेच कलम उलटून तुमच्यावरही पडू शकतं. कादंबरीचा चांगला अनुवाद, पुन्हा वाचून, संपादकाकडून तपासून, वर्षभरात छापून होत नाही. तेव्हा परवानगीच्या कागदावर मुदत स्पष्ट हवी: प्रकाशक शोधायला इतके महिने, करारानंतर पुस्तक निघायला इतके महिने. त्याच कलमात पुढे असंही आहे की हक्क किती वर्षांचा ते लिहिलं नाही तर तो ५ वर्षांचा धरला जातो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारतापुरता. ई-बुक दुबईत किंवा न्यू जर्सीत कोणी विकत घेणार असेल, तर 'जगभर' हा शब्द कागदावर आलाच पाहिजे.

तुम्ही केलेल्या तीन प्रकरणांबद्दल: घरी करून ठेवली आहेत तोवर कोणी हरकत घेत नाही. पण त्यातलं एखादं हिंदी मासिकाला किंवा फेसबुकवर देऊ नका. तो परवानगीशिवाय केलेला वापर ठरतो, आणि ज्यांच्याकडे परवानगी मागायची त्यांच्याशी ओळखच भांडणाने होते. पत्रासोबत मात्र नमुना जोडा. तीनही प्रकरणं पाठवू नका, दहा-बारा पानं पुरेत, डावीकडे मूळ आणि उजवीकडे हिंदी अशी. आणि सुरुवातीचीच पानं निवडू नका. कादंबरीत वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद असतील, तर नेमका तो भाग द्या. निवेदनाची भाषा कोणीही बरी उतरवतो. बोलीचं काय केलंत, तिला भोजपुरीचा वेश चढवलात की हिंदीतच वाकवलंत, हे पाहून वारस आणि संपादक दोघेही ठरवतात.

आता पैशांकडे. आकडे घेऊन बोलू, म्हणजे पत्रात काय लिहायचं ते आपोआप सुचेल. समजा हिंदी पेपरबॅकची किंमत ४०० रुपये आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. पत्रात एकूण १२ टक्के रॉयल्टी सुचवा, त्यातले ७ टक्के वारसांना आणि ५ टक्के तुम्हाला. प्रकाशक बहुधा एकूण १० वर येईल, तेव्हा पाच-पाच करून मोकळं व्हा. म्हणजे तुमचे ५ टक्के दोन्हीकडे कायम. छापील किमतीवर ५ टक्के म्हणजे प्रतीमागे २० रुपये, आणि सगळी आवृत्ती खपली तर २०,००० रुपये. पण करारात 'छापील किमतीवर' ऐवजी 'प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर' असे शब्द आले, आणि वितरकाला ५० टक्के सूट गेली, तर तेच ५ टक्के प्रतीमागे १० रुपये होतात. टक्का तोच, पैसे निम्मे. म्हणून टक्क्यावर घासाघीस करण्याआधी टक्का कशावर ते विचारा. हिंदीत सजिल्द आवृत्ती ग्रंथालयांच्या घाऊक खरेदीत जाते आणि तिथे सूट आणखी मोठी असते. त्या विक्रीवर रॉयल्टी कशी धरणार याची वेगळी ओळ करारात मागा.

वीस हजार, तेही दोन-तीन वर्षांत, आणि काम आठ-दहा महिन्यांचं. या हिशेबावर कोणाचंही घर चालत नाही, तेव्हा 'अग्रिम' मागायचा. समजा २५,००० रुपये अग्रिम मिळाला, निम्मा करार झाल्यावर आणि निम्मा हस्तलिखित स्वीकारल्यावर. तो पुढच्या रॉयल्टीतून वळता होतो. प्रतीमागे २० रुपयांनी १,२५० प्रती खपल्यावर तुम्हाला पुढचे पैसे सुरू होतील. प्रतीमागे १० असतील तर २,५०० प्रती खपेपर्यंत काहीच नाही. पुस्तक खपलं नाही तरी अग्रिम परत करायचा नाही, हे वाक्य करारात असावंच. नाहीतर तो अग्रिम नसून उधारी ठरते.

दुसरा मार्ग शब्दावर मानधनाचा. प्रकाशक म्हणेल, शब्दाला अमुक इतके घ्या, रॉयल्टी नको. यात गैर काही नाही, रक्कम बरी असेल तर मी स्वतः असं काम घेते. फक्त दोन गोष्टी तपासा. शब्द मोजायचे कोणत्या भाषेतले? मराठीत 'घरात' हा एक शब्द, हिंदीत 'घर में' दोन. 'आईबरोबर' एक, 'माँ के साथ' तीन. मराठी ऐंशी हजार शब्दांची कादंबरी हिंदीत बरीच लांबते, आणि प्रकाशक मूळ मजकुरावर मोजणार असेल तर फरक चांगलाच जाणवतो. दुसरं असं की मानधनासोबत 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाचे' ही ओळ गुपचूप येते. अनुवाद ही कायद्याने तुमची स्वतंत्र कृती आहे. तुम्ही नोकरीत नसाल, तर पैसे घेऊन काम केलं एवढ्यानेच तिचा कॉपीराइट प्रकाशकाचा होत नाही, तो तुम्ही लिहून दिलात तरच जातो. ती ओळ खोडून 'पेपरबॅक, सजिल्द व ई-बुक या रूपांत, ७ वर्षांसाठी' असं लिहायला सांगा. ऑडिओचा हक्क वेगळा ठेवा, कारण तिथे तुमचंच हिंदी वाक्य कोणीतरी वाचून दाखवणार असतं.

आणखी एक बाब मी दर करारात घालायला लावते आणि नवे अनुवादक हमखास सोडतात. भारतात कितीतरी पुस्तकं हिंदीवरून पुढे पंजाबीत, ओडियात, नेपाळीत जातात, कारण त्या भाषेत मराठी जाणणारा अनुवादक सापडत नाही. म्हणजे पुढचा माणूस तुमच्या हिंदीवरून काम करतो आणि नाव फक्त मूळ लेखकाचं व त्याचं छापलं जातं. यासाठी एक वाक्य पुरतं: 'हिंदी अनुवादावरून अन्य भाषेत अनुवाद झाल्यास हिंदी अनुवादकाची लेखी संमती घ्यावी, तिचे नाव छापावे आणि ठरलेला मोबदला द्यावा.' वारसांना याचा त्रास नसतो, त्यांना त्यांच्या मूळ हक्काचे पैसे वेगळे मिळतातच.

श्रेयाबद्दल थोडक्यात. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा हक्क अनुवादकालाही आहे, आणि हक्क विकले तरी तो जात नाही. पण नाव मुखपृष्ठावर की चौथ्या पानावर बारीक टायपात, हे कायदा सांगत नाही. ते करारातच यावं लागतं. 'योग्य श्रेय दिले जाईल' असं लिहून घेतलंत तर चौथं पानच मिळेल. जागा मोजून लिहा: मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, हक्कपान, ई-बुकची नोंद, ऑनलाइन दुकानातलं पान, प्रकाशकाची सूची. शेवटच्या तीन जागा आजकाल पहिल्या तीनपेक्षा महत्त्वाच्या आहेत, कारण वाचक पुस्तक शोधतो तिथेच. कोणी कां-कूं केलं तर सांगा की आंतरराष्ट्रीय बुकरचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादकात निम्मे वाटले जातात. २०२२ मध्ये हिंदीतून आणि २०२५ मध्ये कन्नडमधून गेलेल्या पुस्तकांना तसेच वाटले गेले. मुखपृष्ठावरची एक ओळ त्यापुढे फार नाही.

आता पत्र. पानभरच असावं. लांबलचक आत्मचरित्र आणि कादंबरीची स्तुती नको. प्रकाशकाला आपली कादंबरी चांगली आहे हे माहीत असतं.

---

दिनांक : …

प्रति,
मा. संपादक,
(प्रकाशनाचे नाव), पुणे

विषय : '…' (प्रथमावृत्ती १९९८) या कादंबरीच्या हिंदी अनुवादाबाबत

स. न. वि. वि.

मी इंदूर येथे राहते. मराठी माझी मातृभाषा असून शिक्षण व लेखन हिंदीत झाले आहे. (प्रसिद्ध लेखन असल्यास दोन ओळी.) आपण प्रकाशित केलेल्या वरील कादंबरीचा हिंदी अनुवाद करण्याची माझी इच्छा आहे. नमुन्यादाखल बारा पाने मूळ मजकुरासह जोडली आहेत. ती अद्याप कोठेही प्रसिद्ध केलेली नाहीत.

कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. या कादंबरीच्या अनुवादाचे हक्क आज आपल्याकडे आहेत की लेखकाच्या वारसांकडे? वारसांकडे असल्यास माझे हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवावे. हिंदी हक्क यापूर्वी कोणास दिले असल्यास कराराची तारीख व मुदत समजावी.

हक्क मोकळे असल्यास माझी विनंती अशी की ते हिंदीपुरते, १२ महिन्यांसाठी माझ्या नावे राखून ठेवावेत. या काळात मी हिंदी प्रकाशक निश्चित करून त्याचा प्रस्ताव आपणापुढे ठेवीन. आपल्या मान्यतेशिवाय कोणताही करार होणार नाही. मुदतीत प्रकाशक न मिळाल्यास ही परवानगी आपोआप संपेल.

हिंदी प्रकाशकाशी होणाऱ्या करारात पुढील अटी असाव्यात, असे मी सुचवते. करारापासून १८ महिन्यांत पुस्तक प्रसिद्ध व्हावे. परवाना जगभरासाठी, छापील व ई-बुक रूपात, ७ वर्षांचा असावा. रॉयल्टी छापील किमतीवर एकूण १२ टक्के असून त्यातील ७ टक्के मूळ हक्कदारास व ५ टक्के अनुवादकास स्वतंत्रपणे, वर्षातून एकदा विक्रीच्या हिशेबासह मिळावेत. मुखपृष्ठ, शीर्षकपान, हक्कपान आणि ऑनलाइन नोंदींत लेखकाच्या नावासोबत अनुवादकाचे नाव असावे. अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाकडे राहावा. यांत आपणास बदल हवा असल्यास अवश्य सुचवावा.

छपाईपूर्वी पूर्ण हिंदी मजकूर आपणास व वारसांस वाचण्यासाठी देईन.

उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, ई-मेल)

सोबत : अनुवादाचा नमुना

---

यातल्या 'वाचण्यासाठी देईन' या वाक्याकडे लक्ष द्या. 'मंजुरीसाठी' असं मुद्दाम लिहिलेलं नाही. मंजुरी कबूल केलीत, तर एखादा वारस 'बाबांनी असं म्हटलं नव्हतं' म्हणत पानापानावर अडवतो. वाचून सूचना कराव्यात, तथ्याच्या चुका दुरुस्त होतील, भाषेचा निर्णय अनुवादकाचा: पुढे करारात एवढं स्पष्ट करून घ्या.

पत्र ई-मेलने पाठवा आणि त्याचीच सही केलेली प्रत स्पीड पोस्टने. पोस्टाची पावती जपून ठेवा, कारण परवानगी मागितली होती आणि केव्हा मागितली याचा तोच पुरावा. प्रसिद्धीला ७ वर्षं उलटून गेलेल्या पुस्तकाचा त्या भाषेत अनुवादच झाला नसेल, आणि हक्कदार नकार देत असेल किंवा सापडतच नसेल, तर कलम ३२ खाली न्यायालयाकडे अनुवादाचा परवाना मागता येतो. तिथेही आधी मागणी केल्याचं दाखवावं लागतं. एका कादंबरीसाठी या वाटेला जा असं मी कोणाला सांगत नाही. वेळ आणि वकील दोन्ही महाग पडतात. पण वाट आहे एवढं माहीत असू द्या.

तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर फोन करा. मराठी प्रकाशनसंस्थांत स्वतंत्र हक्क विभाग बहुधा नसतो, टपाल मालकाच्या किंवा संपादकाच्या टेबलावर पडून असतं, आणि दिवाळी अंकाच्या किंवा संमेलनाच्या धामधुमीत ते कोणी बघत नाही. फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून पाठवा: 'आज आपण बोललो त्याप्रमाणे…' आणि खाली 'यात काही चुकले असल्यास कळवावे'. उत्तरात नुसतं 'ठीक आहे' आलं तरी ते लेखी झालं.

उत्तर 'आमची हरकत नाही, वारसांना विचारा' असं आलं, तर त्याचा अर्थ हक्क प्रकाशकाकडे नाहीत इतकाच. ते उत्तर जपा आणि त्याच्या प्रतीसह वारसांना हेच पत्र द्या. 'हिंदी आम्हीच काढू, तुम्ही अनुवाद करून द्या' असं आलं, तर परवानगी आणि तुमची रॉयल्टी एकाच माणसाकडे आली. मग बारा महिन्यांची मुदत निरर्थक होते आणि थेट अग्रिमाची बोलणी करायची. त्यांची हिंदीतली विक्रीव्यवस्था काय आहे, दिल्ली-लखनौ-पाटण्याला पुस्तक कोण पोचवतं, हे आधी विचारा. हिंदी वितरक नसलेल्या प्रकाशकाची रॉयल्टी कितीही टक्के असली तरी हातात काही पडत नाही, आणि अशा ठिकाणी मी शब्दावर मानधनच मागेन.